"छान वाटली" याला किती गुण?

काही वर्षांपूर्वी मी एका निवड पॅनेलवर होते. एका दिवसात सहा मुलाखती उरकल्या. संध्याकाळी चर्चेला बसलो तेव्हा दुसऱ्या उमेदवाराबद्दल माझ्या वहीत एवढंच होतं: "छान वाटली. मोकळी बोलते." शेजारी बसलेल्या सहकाऱ्याच्या कागदावर होतं: "ठीक. बोलते फार." माणूस एकच, खोली एकच, वेळ एकच. मग चर्चा झाली, म्हणजे आमच्यातले सर्वांत वरिष्ठ गृहस्थ आधी बोलले आणि बाकीच्यांना हळूहळू तसंच वाटू लागलं. निवड झाली सहाव्या उमेदवाराची. तो शेवटी आला होता, त्यामुळे त्याची उत्तरं सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती. दुसरीला आम्ही काय विचारलं होतं हे कुणाला धड आठवत नव्हतं, आणि जे आठवत होतं ते सहाव्याला विचारलंच नव्हतं.

यावरचा उपाय जुना आहे आणि कंटाळवाणा आहे. एचआरमध्ये त्याला 'स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू' म्हणतात. मी इथे आखीव मुलाखत म्हणते. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येक उत्तराला गुण, आणि कशाला किती गुण हे उमेदवार खोलीत येण्याआधी कागदावर लिहिलेलं. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकानं इतरांशी बोलण्याआधी स्वतःचे गुण भरायचे. एवढंच. प्रश्नसंच इंटरनेटवर ढिगानं मिळतात, म्हणून लोकांना वाटतं की प्रश्न मिळाले म्हणजे काम झालं. खरी मेहनत दुसऱ्या भागात आहे: उत्तर ऐकल्यावर दोन की चार, हे कशावरून ठरवायचं.

आधी थोडं आकड्यांचं बोलू, कारण "मला माणूस दोन मिनिटांत कळतो" असं म्हणणारे प्रत्येक ऑफिसात असतात. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली जुने संशोधन एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला. मुलाखतीतले गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामाला मिळालेले गुण यांचा संबंध त्यांनी पाहिला. आखीव मुलाखतीसाठी तो सरासरी ०.४२ निघाला, मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीसाठी ०.१९. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत. ०.४२ म्हणजे ४२ टक्के अचूक असा अर्थ नाही, आणि हा आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण त्या अभ्यासात तपासलेल्या निवडीच्या सगळ्या पद्धतींत आखीव मुलाखत पहिल्या नंबरावर होती. माणसाच्या कामाचं भाकीत करणं किती अवघड आहे, हे त्यावरूनच कळावं.

दुसरा एक प्रयोग मला जास्त बोचतो. जेसन डेना, रॉबिन डॉज आणि नॅथनिएल पीटरसन यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांना पुढच्या सत्रात किती गुण पडतील याचा अंदाज करायचा होता. काही मुलाखतींत समोरच्याला सांगितलं होतं की हो-नाहीच्या प्रश्नांची उत्तरं ठरलेल्या युक्तीनं, म्हणजे जवळजवळ चिठ्ठी टाकून द्यायची. मुलाखत घेणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनाही समोरचा माणूस "कळला" असंच वाटलं. बिनबुडाच्या उत्तरांतूनसुद्धा आपण एक सुसंगत माणूस उभा करतो. "दोन मिनिटांत कळतो" यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

प्रश्न येतात कुठून

एक ठोस जागा धरू. ग्राहक-सेवा केंद्रातला शिफ्ट सुपरवायझर. हाताखाली बारा जण, दिवसभर कॉल आणि तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी.

सर्वसाधारण पद्धत अशी असते की कुणीतरी बसून गुणांची यादी करतं: नेतृत्व, संवादकौशल्य, जबाबदारीची जाणीव. या शब्दांतून प्रश्न निघत नाहीत, निघाले तरी "तुमची नेतृत्वशैली कोणती?" असले निघतात, आणि त्यावर उमेदवार पाठ केलेलं भाषण देतो. जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीवर काम करताना वेगळी वाट काढली आणि १९५४ मध्ये ती लिहून काढली. वैमानिकात काय हवं असं विचारत बसण्याऐवजी, कुणी नेमकं काय केलं म्हणून काम फत्ते झालं किंवा फसलं, असे प्रसंग त्यांनी गोळा केले.

आपल्यालाही तेच करायचं आहे. ही जागा जवळून पाहिलेल्या चार-पाच जणांना गाठायचं आणि विचारायचं: गेल्या सहा महिन्यांत एखाद्या सुपरवायझरनं असं काय केलं की काम वाचलं, किंवा बिघडलं? पहिलं उत्तर हमखास विशेषणात येतं. "जबाबदार माणूस हवा हो." तिथे थांबायचं नाही. "बेजबाबदारपणा शेवटचा कधी पाहिलात? काय झालं होतं?" असं विचारलं की मग गोष्ट सुटते: रात्रीच्या शिफ्टनं सिस्टिम बंद असल्याचं सकाळच्या शिफ्टला सांगितलंच नाही आणि दोन तास लोक ग्राहकांना "पाच मिनिटांत होईल" सांगत बसले. हा प्रसंग. असे वीस-पंचवीस जमले की ते चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर पसरायचे आणि सारखे सारखे एकत्र करायचे. आपल्या उदाहरणात चार ढीग झाले असं समजू: सहकाऱ्याची चूक त्याला दाखवून देणं, शिफ्टचा हँडओव्हर, माहिती अपुरी असताना निर्णय घेणं, आणि चिडलेला ग्राहक. हे झाले निकष. चारच. पाऊण तासाच्या मुलाखतीत यापेक्षा जास्त बसवायला गेलात तर प्रत्येक उत्तर वरवरचं राहतं. एका प्रसंगाच्या तळाशी जायला दहा मिनिटं सहज लागतात.

आता त्यातला पहिला ढीग घेऊ: चूक दाखवून देणं. बाकीचे तीन तुम्ही याच वाटेनं करू शकाल.

वर्तनाधारित प्रश्नामागचा विचार साधा आहे: माणूस काय करेन म्हणतो यापेक्षा त्यानं काय केलं हे ऐकावं. म्हणून "तुम्ही टीममधल्या माणसाची चूक कशी हाताळता?" हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर वर्तमानकाळात येतं, आणि वर्तमानकाळात सगळेच समजूतदार असतात. त्याऐवजी असं: "बरोबरच्या किंवा हाताखालच्या कुणाच्या कामात तीच चूक पुन्हा पुन्हा होत होती आणि त्याबद्दल तुम्हाला त्यांच्याशी बोलावं लागलं, असा एक प्रसंग सांगा. गेल्या दोन-तीन वर्षांतला असेल तर बरं."

या प्रश्नात "चांगल्या प्रकारे बोललात" असं म्हटलेलं नाही, हे मुद्दाम. कोणतं उत्तर आवडेल याचा वास प्रश्नाला येता कामा नये. "तुम्ही स्पष्टपणे सांगता ना?" असं विचारलं की "हो" शिवाय काय येणार?

मुख्य प्रश्नाबरोबर उपप्रश्नही आधीच लिहून ठेवायचे, कारण बहुतेक उमेदवार पहिल्या दमात अर्धीच गोष्ट सांगतात. मी चार ठेवते. तेव्हा परिस्थिती काय होती? त्यात तुम्ही स्वतः काय केलंत? त्यांना काय म्हणालात, आठवतील ते शब्द सांगा. पुढे काय झालं आणि ते तुम्हाला कसं कळलं? गरज पडेल तसे हे वापरायचे, पण यांच्या बाहेर जायचं नाही. आवडलेल्या उमेदवाराला आपण नकळत मदत करतो: "म्हणजे तुम्ही नंतर पाठपुरावाही केला असेल ना?" त्या एका वाक्यात उत्तरही गेलं आणि तुलनाही गेली.

गुणपत्रकाचा कस

अनेक गुणपत्रकं मी पाहिली आहेत ज्यांत १ म्हणजे असमाधानकारक, ३ म्हणजे समाधानकारक, ५ म्हणजे उत्कृष्ट असं लिहिलेलं असतं. हे गुणपत्रक नव्हे. "छान वाटली"चंच आकड्यांतलं रूप. माझं समाधान आणि तुमचं समाधान वेगळ्या उंचीवर असतं. गुणाशेजारी विशेषण नको, वागणूक हवी: ऐकणाऱ्याला उत्तरात ती सापडली की नाही हे सांगता यावं इतकी ठोस. आपल्या प्रश्नासाठी मी असं लिहीन:

१: प्रसंग सांगता आला नाही, किंवा चुकीकडे दुर्लक्ष केलं, परस्पर वरिष्ठांकडे ढकलली, किंवा सगळ्यांसमोर सुनावलं.

३: त्या व्यक्तीशी एकांतात बोलले आणि चुकीचं किमान एक ठोस उदाहरण समोर ठेवलं. चूक का होते हे विचारलं नाही, किंवा पुढे बदल झाला का हे पाहिलं नाही.

५: एकांतात आणि उदाहरणासह बोलले, कारण विचारलं, त्या कारणाप्रमाणे काहीतरी बदललं, आणि ठराविक काळानं पुन्हा तपासून काय फरक पडला ते सांगू शकले.

२ आणि ४ मोकळे ठेवले आहेत, मधल्या उत्तरांसाठी. पाचही पायऱ्या लिहायला गेलं की वाक्यं एकमेकांत मिसळतात आणि वाचणारा गोंधळतो.

ही वाक्यं त्याच प्रसंगांच्या चिठ्ठ्यांतून येतात, घरी बसून सुचत नाहीत. पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडॉल यांनी १९६३ मध्ये अशा वागणुकीवर टेकलेल्या मोजपट्ट्या मांडल्या तेव्हा एक सुंदर तपासणीही दिली. एका गटानं प्रसंग निकषांखाली लावायचे. मग तेच प्रसंग निकषांची नावं काढून, उलटसुलट करून दुसऱ्या गटाला द्यायचे आणि कुठला कुठे जातो ते विचारायचं. जो प्रसंग परत आपल्या जागी येत नाही तो टाकून द्यायचा. लहान ऑफिसातही हे अर्ध्या तासात होतं. गुणपत्रकातली वाक्यं आकड्यांशिवाय चिठ्ठ्यांवर लिहा, पॅनेलबाहेरच्या एका सहकाऱ्याला द्या आणि चढत्या क्रमानं लावायला सांगा. तो अडखळला, तर मुलाखतीत तुम्हीही अडखळणार.

दोन उत्तरं

आता दोन उमेदवार. पहिली अशी बोलली (थोडक्यात देते):

"माझा असा अनुभव आहे की माणसाला विश्वासात घेतलं की निम्मं काम होतं. आमच्या टीममध्ये आम्ही कायम मोकळं वातावरण ठेवलं. कुणाची चूक झाली की आम्ही बसून बोलायचो, सगळे मिळून मार्ग काढायचो. त्यामुळे आमची टीम सतत पुढे असायची."

बोलणं ओघवतं, नजर थेट, हसू छान. पण यात प्रसंग कुठे आहे? "आम्ही" आहे, "कायम" आहे. एक दिवस, एक माणूस, एक चूक नाही. उपप्रश्न विचारला: "त्यात तुम्ही स्वतः कुणाशी, काय बोललात?" त्यावर ती म्हणाली, "एकजण उशिरा यायचा. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हे बरोबर नाही. त्यानं ऐकलं." कोणत्या दिवशी, किती उशीर, असं काही त्याच्यापुढे ठेवलं होतं का? नाही. ऐकलं हे कशावरून? "नंतर तक्रार आली नाही."

दुसरा जरा चाचरत बोलला. मध्येच थांबायचा.

"एक मुलगा होता... तिकीट बंद करताना कारणाच्या रकान्यात तो सारखं 'इतर' निवडायचा. मग महिन्याच्या रिपोर्टमध्ये काहीच कळायचं नाही. मी त्याची पाच तिकिटं काढली, आणि... दुपारी बाकीचे नव्हते तेव्हा त्याला दाखवली. म्हटलं, हे तू काय विचार करून निवडतोस? तो म्हणाला, यादीत दोन पर्याय सारखेच वाटतात, चुकीचं निवडण्यापेक्षा 'इतर' बरं. ते खरंच सारखे होते. मी त्या दोन्हींपुढे एकेका ओळीचा खुलासा टाकून घेतला. दोन आठवड्यांनी पुन्हा वीस तिकिटं पाहिली. तीनच 'इतर' होती."

पॅनेलवर तिघं. पहिलीला २, २, ३. दुसऱ्याला ५, ४, आणि २.

हा शेवटचा दोन इथला सर्वांत शिकण्यासारखा आकडा आहे. गुण स्वतंत्रपणे भरले होते म्हणून तो दिसला. चर्चा आधी झाली असती तर तिसऱ्या सदस्यानं गुपचूप चार लिहिला असता, किंवा तो वरिष्ठ असता तर बाकी दोघं खाली उतरले असते. नियम असा: दोन किंवा जास्त गुणांचं अंतर पडलं की थांबायचं आणि प्रत्येकानं आपल्या टिपणातून वाचून दाखवायचं. मत नाही, टिपण. तिसऱ्यानं वाचलं: "आत्मविश्वास कमी. अडखळतो." बाकीच्यांनी वाचलं: "पाच तिकिटं दाखवली. का निवडतोस विचारलं. यादीत खुलासा. दोन आठवड्यांनी वीस तपासली, तीन."

गुणपत्रकात आत्मविश्वास कुठेही नाही. तिसऱ्या सदस्याचं म्हणणं चूक असेलच असं नाही. सुपरवायझरला टीमसमोर ठामपणे बोलता यायला हवं हे खरंच असेल. पण मग तो वेगळा निकष म्हणून मुलाखतीआधी यायला हवा होता, आणि सगळ्यांना लागू व्हायला हवा होता. इथे, या रकान्यात, त्याला जागा नाही. त्यानं आपली टिपणं पुन्हा पाहिली आणि दोनाचे चार केले. पटलं नसतं तर दोनच ठेवायचा हक्क त्याला होता. चर्चा पुरावा समोर यावा म्हणून असते, एकमत व्हावं म्हणून नाही.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव यांचे गुण एकमेकांशी संशयास्पद जवळ निघाले. एका गोष्टीचं तेज बाकी सगळ्यांवर पडत होतं. चाचरणाऱ्याला मिळालेला दोन हे त्याच तेजाचं उलटं रूप, सावली म्हणा. म्हणूनच प्रत्येक उत्तर संपताच तिथल्या तिथे गुण भरायचे, शेवटी एकदम नाही. शेवटी भरलेल्या चार आकड्यांत बहुतेक वेळा एकच आकडा चारदा असतो.

बेरजेची गोम

चारही निकषांवर तिघांचे गुण मिळवले. प्रत्येक निकष पंधरापैकी. पहिलीला: चूक दाखवणं ७, हँडओव्हर ११, निर्णय ११, चिडलेला ग्राहक १४. एकूण ४३. दुसऱ्याला: चूक दाखवणं १३, मग १०, १० आणि ९. एकूण ४२.

पहिली एकानं पुढे. मग निवड तिची?

या एका गुणावर काहीही उभं राहत नाही. साठपैकी एक गुणाचा फरक म्हणजे पॅनेलवरच्या एकानं एका उत्तराला तीनऐवजी चार देणं. बरोबरी समजावी. पण या जागेसाठी माणसं सांभाळणं हे मुख्य काम, चिडलेला ग्राहक सुपरवायझरकडे क्वचित येतो. म्हणून पॅनेलनं प्रश्नसंच करतानाच ठरवून ठेवलं होतं की चूक दाखवण्याच्या निकषाला दुप्पट वजन द्यायचं. तसं केलं की पहिलीचे होतात ५०, दुसऱ्याचे ५५.

आता उलट बाजूनं पाहा. वजन आधी ठरलं नसतं आणि ४३-४२ दिसल्यावर कुणी म्हणालं असतं, "पण माणसं सांभाळणं जास्त महत्त्वाचं, नाही का?" तेही पटलं असतं. किंवा "ग्राहक हाच देव" म्हणत कुणी त्या निकषाला दुप्पट केलं असतं, तर पहिली ५७ आणि दुसरा ५१. निकाल समोर असताना वजन बदललं की हवा तो माणूस जिंकवता येतो, आणि वर हिशेब चोख दिसतो. म्हणून वजनं पहिल्या मुलाखतीआधी, लिहून, सह्या करून. माझा कल तर वजनं सारखीच ठेवण्याकडे असतो. कामाच्या स्वरूपात ठळक कारण असेल तरच एखादा निकष दुप्पट. दीडपट, सव्वापट असली कलाकुसर करून हाती काही लागत नाही.

तसाच दुसरा निर्णय किमान गुणांचा. चूक दाखवण्यावर सरासरी तीनच्या खाली असलेला माणूस या जागी चालेल का? नसेल तर तेही आधीच लिहायचं. मग पहिलीचे ७, म्हणजे सरासरी अडीचच्याही आत, हे बेरजेची वाट न पाहता बोलतात.

जिथे हे अडतं

नवख्या उमेदवाराकडे असा प्रसंगच नसतो. त्याला १ देणं अन्याय आहे, आणि "कॉलेजमधला चालेल" म्हणून एकट्याला सूट देणं हा दुसऱ्यावर अन्याय. अशा जागांसाठी सगळ्यांनाच काल्पनिक प्रसंग द्यावा: अमुक घडलं आहे, तुम्ही काय कराल? गॅरी लेथम आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये याच धर्तीची मुलाखत मांडली होती. गुणपत्रक तसंच राहतं. फक्त त्या प्रसंगात खरा पेच हवा, बरोबर उत्तर कपाळावर लिहिलेलं नको.

तयार करून आणलेल्या गोष्टी ही दुसरी अडचण. त्या ओळखू येतात, पण चेहऱ्यावरून नाही. "आठवतील ते शब्द सांगा" आणि "कसं कळलं" या दोन उपप्रश्नांवर पाठ केलेली गोष्ट पातळ होते. तपशील मागितला की ती पुन्हा "आम्ही"कडे पळते. खोटं रचून सांगणारा कसलेला माणूस यातूनही निसटेल. त्याला पकडायला संदर्भ तपासणी, म्हणजे आधीच्या वरिष्ठांकडे चौकशी, आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना लागतो, मुलाखत पुरी पडत नाही.

तिसरी अडचण मुलाखत घेणाऱ्यांचीच. त्यांना हे सगळं रुक्ष वाटतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन तरुणपणी, १९५० च्या दशकात, इस्रायली सैन्यासाठी मुलाखतपद्धत आखत होते: सहा स्वभावगुण, प्रत्येकावर ठरलेले प्रश्न, एकाचे गुण भरल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही. मुलाखत घेणारे वैतागले, तुम्ही आमचे यंत्रमानव करताय म्हणाले. कानेमन यांनी तडजोड केली: सहाही गुण भरून झाले की डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून डोळ्यांपुढे आणा आणि एक एकूण गुण द्या. पुढे तपासलं तेव्हा तो डोळे मिटून दिलेला गुणही चांगलाच उपयोगी ठरला. अंतर्ज्ञानाला त्यांनी रांगेत शेवटी उभं केलं होतं, एवढाच फरक. मी गुणपत्रकाच्या तळाशी असा एक रकाना ठेवते. तो बेरजेत धरत नाही. बरोबरी झाली की बघते.

भरलेली गुणपत्रकं फेकू नका. आठ-दहा मुलाखती झाल्या की सगळी शेजारी शेजारी ठेवून तीन गोष्टी पाहा. एखाद्या प्रश्नावर सगळ्यांना ३ किंवा ४ च मिळाले आहेत का? तो प्रश्न कुणाला वेगळं काढत नाही, बदला. एकाच सदस्याचे गुण प्रत्येक वेळी इतरांपेक्षा एकानं कमी आहेत का? तो कडक आहे. सगळ्या उमेदवारांना तोच असेल तर तुलनेत बिघाड नाही, पण अर्ध्या मुलाखतींना त्याच्या जागी दुसरा बसला असेल तर आहे. आणि एकेका उमेदवाराचे चारही आकडे सारखेच दिसतात का? मग गुण शेवटी एकदम भरले गेले आहेत, कुणी कितीही नाही म्हटलं तरी. माझ्या एका जुन्या गठ्ठ्यात नऊ उमेदवारांपैकी सात जणांना मी ४, ४, ४, ४ दिले होते. त्यातल्या एकीच्या टिपणात फक्त "छान" लिहिलं होतं.